बाळंतपणाच्या रजेचा अर्ज: कुठली तारीख लिहायची?

तुम्ही नोकरी करत असाल आणि गरोदर असाल, तर सातव्या महिन्याच्या आसपास ऑफिसला एक अर्ज द्यावा लागतो. त्यात तीनच गोष्टी असतात. प्रसूती कधी अपेक्षित आहे, तुम्ही कामावर परत कधी येणार, आणि शिल्लक असलेली रजा त्याला जोडून हवी आहे का. अर्ज एका पानाचा असतो, आणि बहुतेक जणी मैत्रिणीचा जुना ईमेल मागवतात, तारखा बदलतात आणि पाठवून देतात. पुढे सहा महिन्यांनी, बाळ मांडीवर असताना, कळते की हिशेब चुकला.

मी फिजिशियन आहे, बाळंतपणे करत नाही. माझ्याकडे गरोदर स्त्रिया येतात त्या थायरॉईड, रक्तदाब किंवा साखरेसाठी. पण रजेच्या तारखेचा प्रश्न माझ्यापर्यंत इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहावे असे वाटले. एचआरवाले त्याला रजेचा प्रश्न समजतात. मला तो निम्मा वैद्यकीय वाटतो.

पहिला घोटाळा तारखेचाच. तुमची फाईल उघडून बघा. एकाच गरोदरपणात प्रसूतीच्या दोन-तीन वेगवेगळ्या तारखा लिहिलेल्या सापडतील. पहिली तारीख शेवटच्या पाळीवरून काढलेली असते: पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. हा हिशेब गृहीत धरतो की तुमची पाळी दर 28 दिवसांनी येते आणि मधोमध, चौदाव्या दिवसाच्या आसपास, बीज बाहेर पडते. ज्यांची पाळी 35 दिवसांनी येते त्यांचे बीजही आठवडाभर उशिरा बाहेर पडते. म्हणजे बाळ कागदावर दिसते त्यापेक्षा आठवड्याने लहान असते.

दुसरी तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची. तेव्हा बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. त्या वयात सगळी बाळे जवळजवळ एकाच वेगाने वाढतात, मग आईवडील उंच असोत की बुटके. त्यामुळे ही तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. नंतरच्या सोनोग्राफीतही मशीन एक तारीख छापून देते, पण तोवर बाळे आपापल्या अंगकाठीप्रमाणे वाढू लागलेली असतात. आठव्या महिन्यात छापलेली तारीख दोन-तीन आठवडेसुद्धा इकडेतिकडे असू शकते. त्या सोनोग्राफीचे काम बाळाची वाढ, पाणी आणि वार बघणे हे असते. तारीख ठरवणे हे तिचे काम नाही.

म्हणून नियम सोपा आहे. पाळीची तारीख आणि सुरुवातीच्या सोनोग्राफीची तारीख यांत आठवड्याच्या आतला फरक असेल तर पाळीची तारीख धरायची. आठवड्यापेक्षा जास्त असेल तर सोनोग्राफीची धरायची. (अगदी लवकरच्या, नऊ आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक पुरतो.) एकदा ठरली की ती तारीख शेवटपर्यंत बदलायची नाही. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, "मॅडम, आपण कुठली तारीख धरली आहे?" आणि तीच प्रमाणपत्रावर लिहून घ्या.

आता एक उदाहरण घेऊ. माझ्याकडे थायरॉईडच्या गोळ्यांसाठी येणारी, पुण्यातल्या एका खाजगी कंपनीत काम करणारी मुलगी. पहिलेच बाळंतपण, माहेर सांगलीचे. तिची शेवटची पाळी 12 जानेवारी 2024 ला आली होती, त्यावरून तारीख 18 ऑक्टोबर. पाळी मात्र उशिरा-उशिरा येणारी. अकराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीने तारीख 26 ऑक्टोबर दाखवली. फरक आठ दिवसांचा, म्हणून तिच्या डॉक्टरांनी 26 ऑक्टोबर कायम केली. ऑगस्टमध्ये सांगलीच्या हॉस्पिटलात नाव घालायला गेली तेव्हा तिथे पुन्हा सोनोग्राफी झाली आणि कागदावर आणखी तिसरीच तारीख आली. ती घाबरली. तिसऱ्या तारखेकडे दुर्लक्ष कर आणि सांगलीच्या डॉक्टरांना अकराव्या आठवड्याचा रिपोर्ट दाखव, इतकेच मी सांगितले. माहेरी बाळंतपण करणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावे. जुना रिपोर्ट पुण्याच्या कपाटात राहिला की नवीन डॉक्टरांना नव्याने अंदाज बांधावा लागतो, आणि ऑफिसात दोन वेगळ्या तारखांची दोन प्रमाणपत्रे पोहोचतात.

आठ दिवसांनी असा काय फरक पडतो? कायदा काय म्हणतो ते पाहिले की कळेल. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत आहे. दोन अपत्ये हयात असताना तिसऱ्या वेळी 12 आठवडेच मिळतात. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही त्या ठिकाणी किमान 80 दिवस काम केलेले असले पाहिजे. (राज्य आणि केंद्र सरकारच्या नोकरीत 180 दिवस असतात आणि जोडरजेचे नियम वेगळे आहेत, तिथे आस्थापना शाखेत विचारा.)

या 26 आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. 26 ऑक्टोबर धरली तर लवकरात लवकर रजा 31 ऑगस्टला सुरू होते. 18 ऑक्टोबर धरली तर 23 ऑगस्टला. अर्जावर एक तारीख आणि प्रमाणपत्रावर दुसरी असेल तर मधले आठ दिवस कुठल्या खात्यात टाकायचे हा प्रश्न येतो, आणि बहुधा ते तुमच्या शिल्लक रजेतून कापले जातात.

पण मुख्य गोष्ट याच्या पुढे आहे. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, आणि ते तुमची रजा सुरू झाल्या दिवसापासून मोजले जातात, बाळ जन्मल्या दिवसापासून नाहीत. रजा कधी संपणार हे तुम्ही घरी बसलात त्याच दिवशी ठरते. बाळ मधे कधीही येऊ दे, शेवटची तारीख हलत नाही. म्हणजे प्रसूतीच्या आधी घेतलेला प्रत्येक आठवडा बाळाबरोबरच्या आठवड्यांतून वजा होतो. बाळ आठ दिवस उशिरा आले तर ते आठ दिवसही तिथूनच जातात. आणि पहिलटकरणीचे बाळ तारखेनंतर चार-सहा दिवसांनी येणे हे काही नवलाचे नाही. नेमक्या अपेक्षित तारखेला बाळंत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चार-पाचच असतात.

या मुलीच्या घरी काय चालले होते ते तुमच्याही घरी चालले असेल. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की आई म्हणते, आता माहेरी चल, किती दिवस त्या गर्दीत जाणार ऑफिसला. सासूबाईंचेही तेच. त्यांचे प्रेम खरे आहे, पण कागदावर हिशेब मांडून बघा. 31 ऑगस्टपासून रजा घेतली तर 182 दिवस 28 फेब्रुवारी 2025 ला संपतात. सोमवारी, 3 मार्चला कामावर हजर. बाळ अगदी वेळेवर, 26 ऑक्टोबरला आले तरी तेव्हा ते असेल चार महिने आणि पाच दिवसांचे.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायचे, पाणीसुद्धा नाही, हे तुम्ही ऐकले असेल. चार महिन्यांच्या बाळाची मान नुकती सावरलेली असते, ते आधाराशिवाय बसत नाही, आणि जिभेला टेकलेली वस्तू बाहेर ढकलण्याची सवय त्याला अजून असते. सहाव्या महिन्यानंतर ते बसू लागते, तुमच्या ताटाकडे बघून तोंड हलवू लागते, आणि आईच्या दुधातून मिळणारे लोह त्याला अपुरे पडू लागते, म्हणून तेव्हा वरचे अन्न सुरू करायचे. आई चौथ्या महिन्यात कामावर गेली की घरात दुधाची बाटली येते, नाहीतर भाताची पेज लवकर सुरू होते, आणि बाळाचे पोट बिघडल्याच्या तक्रारी वाढतात. म्हणून रजेचा अर्ज लिहिताना मी एकच प्रश्न विचारतो: तुम्ही कामावर परत जाल त्या दिवशी बाळ किती महिन्यांचे असेल? उत्तर सहाच्या जितके जवळ जाईल तितके बरे.

मग आधी किती रजा घ्यावी? गरोदरपण सुरळीत असेल, काम बसून करण्याचे असेल, प्रवास फार हाल करणारा नसेल, तर सदतिसाव्या आठवड्यापर्यंत काम करायला हरकत नसते. जुळी मुले, वार खाली असणे, रक्तदाब वाढणे, वेळेआधी कळा येण्याची भीती, किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे, जड उचलण्याचे काम असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे लवकर थांबा आणि हिशेब नंतर करा.

या मुलीने सोमवार, 7 ऑक्टोबर 2024 ही सुरुवात ठरवली. त्या दिवशी 37 आठवडे आणि दोन दिवस पूर्ण होत होते. 182 दिवस रविवारी, 6 एप्रिल 2025 ला संपतात. म्हणजे 7 एप्रिलला हजर, बाळ वेळेवर आले तर साडेपाच महिन्यांना दोन-तीन दिवस कमी. सहा महिने 26 एप्रिलला पूर्ण होणार. मधे उरतात तीन आठवडे, आणि शिल्लक रजेचा खरा उपयोग इथेच आहे.

तिच्या खात्यावर 18 दिवस हक्काची रजा शिल्लक होती. (महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे अशी रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणून लग्नानंतर लगेच सगळी फिरण्यात संपवू नका, असे मी मुलींना सांगतो, आणि त्या हसतात.) 7 ते 25 एप्रिल या तीन आठवड्यांत कामाचे दिवस पंधरा. त्यांतले 14 एप्रिलची आंबेडकर जयंती आणि 18 एप्रिलचा गुड फ्रायडे तिच्या ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत होते. लागले 13 दिवस. काही ठिकाणी रजेच्या मधे आलेली सुट्टी आणि शनिवार-रविवारही रजेतच मोजतात, ते आधी विचारून घ्यावे. उरलेले पाच दिवस मी तिला मुद्दाम राखून ठेवायला सांगितले. आई कामावर गेल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला सर्दी-ताप येतोच, शिवाय नवव्या महिन्यात गोवराची लस असते. शिल्लक शून्यावर आणून कामावर जाणे शहाणपणाचे नाही.

अर्ज तिने असा लिहिला. ऑफिसात तो इंग्रजीत गेला, पण मजकूर हाच:

"सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख 26 ऑक्टोबर 2024 आहे. मला 7 ऑक्टोबर 2024 ते 6 एप्रिल 2025 अशी 26 आठवड्यांची प्रसूती रजा मंजूर करावी. या काळात मी अन्य कोणत्याही ठिकाणी काम करणार नाही. प्रसूती रजा संपल्यानंतर, तिला जोडून, 7 ते 25 एप्रिल 2025 या काळासाठी माझ्या शिल्लक हक्काच्या रजेतील 13 दिवस मंजूर करावेत. मी सोमवार, 28 एप्रिल 2025 रोजी कामावर रुजू होईन. प्रसूती 7 ऑक्टोबरच्या आधी झाल्यास प्रसूती रजा प्रसूतीच्या दिवसापासून सुरू झाली असे धरावे. तशा वेळी सुधारित तारखा मी कळवीन. माझ्या वतीने रजेच्या काळातील रक्कम स्वीकारण्यासाठी मी माझ्या पतींचे नाव देत आहे."

यातली दोन वाक्ये नीट बघा. दुसऱ्या ठिकाणी काम करणार नाही हे वाक्य आणि पैसे स्वीकारणाऱ्याचे नाव कायद्यालाच अपेक्षित आहे, पण मैत्रिणीच्या ईमेलमध्ये ते बहुधा नसते. आणि प्रसूती रजा व शिल्लक रजा या दोन वेगळ्या वाक्यांत, वेगळ्या तारखांनी मागितल्या आहेत. "ऑक्टोबर ते एप्रिलअखेर रजा हवी, त्यात शिल्लक रजाही धरावी" असे मोघम लिहिले की कुणीतरी शिल्लक रजा आधी वापरून टाकते आणि 26 आठवड्यांचा हिशेब विस्कटतो. 26 आठवडे हा हक्क आहे. ती 13 दिवसांची जोडरजा मात्र विनंती आहे, ऑफिस ती नाकारू शकते. म्हणून ती लवकर मागावी आणि मंजुरी लेखी घ्यावी.

आजारपणाबद्दलही सांगतो, कारण तिथे माझ्यासारख्या डॉक्टरांचा संबंध येतो. एका शाळेतल्या शिक्षिकेचा रक्तदाब तेहतिसाव्या आठवड्यात वाढला आणि बारा दिवस घरी राहावे लागले. शाळेने ते बारा दिवस तिच्या शिल्लक रजेतून कापले. खरे तर गरोदरपणामुळे, प्रसूतीमुळे किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे झाल्यामुळे आई आजारी पडली, तर 26 आठवड्यांखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. पण त्याला पुरावा लागतो. तिच्याजवळच्या चिठ्ठीवर नुसते "विश्रांतीची गरज आहे" एवढेच होते, आणि त्यावरून हा आजार गरोदरपणाचा आहे हे कुणालाच कळत नव्हते. "गरोदरपणामुळे वाढलेला रक्तदाब, 33 आठवडे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांती" असे लिहिलेले नवीन प्रमाणपत्र तिच्या डॉक्टरांकडून घेतले आणि दिवस परत मिळाले. तेव्हा चिठ्ठी हातात पडली की दवाखान्यातून निघण्याआधी वाचा. आजाराचे नाव, गरोदरपणाशी संबंध आणि तारखा नसतील तर तिथेच लिहून मागा.

सांगलीच्या मुलीला बाळ झाले ते 2 नोव्हेंबरला, ऐन पाडव्याच्या दिवशी. सात दिवस उशिरा. रजेची अखेर अर्थातच हलली नाही. 28 एप्रिलला ती कामावर आली तेव्हा बाळाचे सहा महिने पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते, आणि त्यात 1 मेची सुट्टी. म्हणजे सहा महिन्यांआधी बाळाला आईवाचून राहायचे होते ते फक्त तीन दिवस. माहेरी लवकर गेली असती तर हेच बाळ 3 मार्चला चार महिन्यांचे असते.

त्या तीन दिवसांची तयारी तिने जोडरजेच्या शेवटच्या आठवड्यात केली. सकाळच्या पाजण्यानंतर हाताने किंवा पंपाने दूध काढायचे, स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवायचे, दारात नाही, आणि दुसऱ्या दिवशी वापरायचे. एप्रिलच्या उन्हाळ्यात ते ओट्यावर ठेवू नये. पाजताना डबा कोमट पाण्यात धरायचा, दूध गॅसवर तापवायचे नाही, आणि वाटी-चमच्याने आजीने पाजायचे. आई समोर असेल तर बाळ वाटीला तोंड लावत नाही, म्हणून तेवढा वेळ तिने दुसऱ्या खोलीत जावे. सुरुवातीला बाळ निम्मे सांडते. चार-पाच दिवसांत जमते.

कामावर रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीखेरीज, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळण्याचा हक्क आहे. बाळ जवळ नसेल तर ऑफिसात बंद दाराच्या खोलीत दूध काढण्यासाठी तो वेळ मागता येतो. रजेच्या अर्जात हे लिहायची गरज नाही. रुजू होण्याच्या आठवडाभर आधी वेगळा ईमेल करावा आणि त्यात पंधरा महिने पूर्ण होण्याची तारीख घालावी. तिने 2 फेब्रुवारी 2026 अशी घातली होती.